वासा, भाल आणि कैची

प्रश्न: ‘घर फिरले की घराचे वासेही फिरतात’ या म्हणीतला वासा म्हणजे छपरातलं नेमकं कोणतं लाकूड? गावचं कौलारू घर दुरुस्त करताना सुतारकाका तिरप्या लाकडाला वासा आणि आडव्याला भाल म्हणत होते, तर कंत्राटदार सगळ्याच सांगाड्याला कैची म्हणत होता. हे तीन वेगळे शब्द आहेत की एकाच गोष्टीची तीन नावं?

उत्तर: तिन्ही वेगळे आहेत, आणि सुतारकाकांचं बरोबर आहे. लाकूड कोणत्या दिशेला बसवलंय आणि भार कुठे पोहोचवतंय, यावर त्याचं नाव ठरतं.

वासा म्हणजे आढ्यापासून वळचणीकडे उतरत जाणारं तिरपं लाकूड. जुन्या लेखनात तो ‘वांसा’ असा अनुस्वारासह दिसतो, कारण त्याचं मूळ संस्कृत ‘वंश’ म्हणजे बांबू. एका पाख्याला असे कितीतरी वासे ओळीने असतात. ‘खाल्ल्या घरचे वासे मोजणारा’ हा वाक्प्रचार आठवा. मोजावं असं काही छपरात असेल तर ते वासेच. भाल दोन-चारच असतात, ते एका नजरेत संपतात.

वाशांवर आडव्या रिपा ठोकतात आणि रिपांवर कौलं बसतात. मंगलोरी कौलासाठी रिपांमधलं अंतर साधारण 12-13 इंच असतं. म्हणजे कौलाचं वजन रिपेवर, रिपेचं वाशावर. वासा मात्र कशावर टेकतो? वर आढ्यावर, खाली भिंतीच्या माथ्यावरच्या लाकडावर, आणि पाखं लांब असेल तर मधे आणखी एका आडव्या लाकडावर. हे मधलं आडवं लाकूड म्हणजे भाल. काही ठिकाणी त्यालाच तुळई म्हणतात, कंत्राटदार ‘पर्लिन’ म्हणतात. मी इथे भाल हाच शब्द ठेवतो, म्हणजे पुढे येणाऱ्या तुळईशी घोटाळा होणार नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणू. रुंदी 20 फूट, आढं भिंतीच्या माथ्यापासून 7 फूट वर, वळचणीचा पुढे आलेला भाग सोडून वाशाची लांबी सुमारे 12 फूट. दोन वाशांत दीड फुटाचं अंतर. म्हणजे एका वाशाच्या वाट्याला 18 चौरस फूट छप्पर. ओली कौलं, रिपा आणि वाशाचं स्वतःचं वजन धरून चौरस फुटाला साडेचार किलो मानलं तर एका वाशावर 80 किलोच्या आसपास भार येतो. मधे भाल नसेल तर हा वासा मधोमध वाकतो आणि कौलांच्या ओळीत खोलगट पोट दिसू लागतं. बरोबर मधे भाल दिला की वाकणाऱ्या तुकड्याची लांबी निम्मी होते, आणि लांबी निम्मी झाली की वाक जवळजवळ सोळाव्या हिश्श्यावर येतो. लांबीचा परिणाम इतका जबरदस्त असतो. याच कारणाने वासा आडवा न बसवता उभ्या धारेवर बसवतात: उंची दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, रुंदी दुप्पट केली तर फक्त दुप्पट.

पण भालाला ही मदत फुकट करता येत नाही. अखंड वासा त्याच्यावरून गेला असेल तर 80 पैकी 50 किलो मधल्या भालावर येतात, आढ्याला आणि भिंतीला 15-15 उरतात. दोन आधारांमध्ये 9 फूट मोकळं अंतर असेल तर एवढ्या भागात सहा वासे येतात, म्हणजे भालावर 300 किलो, जणू पाच माणसं सतत बसलेली. म्हणून भाल वाशापेक्षा जाड लागतो, आणि त्याला खाली खांब, आडवी भिंत किंवा कैची लागते.

आता कैची. हा शब्द तुर्की-फारसीतून आलेला, अर्थ कात्री. वरच्या टोकाला एकमेकींना भिडलेली दोन तिरपी लाकडं पाहून नाव पडलं असावं हे उघड आहे. पण नुसती कात्री म्हणजे कैची नव्हे. आढ्याला खालून खांब नसेल तर दोन्ही बाजूंचे वासे एकमेकांना रेलून उभे राहतात आणि त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात, शिडीचे सरकतात तसे. आपल्या घरात मधला भाल आणि आढ्याचा खांब दोन्ही नसतील तर वाशांच्या प्रत्येक जोडीचा बाहेरचा रेटा 55-60 किलो भरतो. आढं 7 ऐवजी 4 फूटच उंच ठेवलं तर हाच रेटा 90 किलोच्या घरात जातो, म्हणजे छप्पर जितकं पसरट तितका रेटा जास्त. चिऱ्याची भिंत खाली दाबलेली चालते, बाहेर ढकललेली तिला सोसत नाही. म्हणून दोन्ही पाय एकमेकांना बांधणारी आडवी तुळई घालतात. ती रेटा स्वतःच्या ओढीत घेते, भिंतीपर्यंत पोहोचू देत नाही. तिरपी दोन लाकडं दाबात आणि तळची तुळई ओढीत, असा बंद त्रिकोण झाला की तिला खरी कैची म्हणावं.

इथे एक फार सुंदर गोष्ट आहे. कैचीच्या मधोमध जो उभा दांडा असतो तो खांबासारखा दिसतो, पण तो खांब नाही. तो वरच्या टोकाला लटकलेला असतो आणि तुळईला मधे उचलून धरतो. म्हणूनच त्याच्या पायाशी तुळईखालून वळवलेली लोखंडी पट्टी असते. उलट पुष्कळ जुन्या घरांत तुळईवर खराखुरा आखूड खांब उभा करून त्यावर आढं ठेवलेलं असतं. दिसायला दोन्ही सारखे. फरक असा की दुसऱ्यात आढ्याचं वजन तुळईच्या मध्यावर पडतं आणि ती वाकते. अशी तुळई फार जाड लागते. ती कैची नव्हे, आणि जुने सुतार तिला तसं म्हणतही नाहीत. तुमच्या घरात पट्टी आहे का, की दांडा तुळईवर नुसता टेकलाय, हे शिडी लावून पाहा. कंत्राटदाराचा शब्द बरोबर की चूक ते तिथेच कळेल.

माझ्या नात्यातल्या एका घरात माळ्यावर डोकं लागतं म्हणून तुळई मधे कापली होती. पुढच्याच पावसाळ्यानंतर भिंतीच्या माथ्याखाली आतल्या बाजूने आडवी चीर आली, भिंतीवरचं लाकूड बाहेर झुकलं, आढं मधे दोन बोटं खचलं आणि आढ्यापाशी वाशांच्या जोडांत फट दिसू लागली. कौलं एकही फुटलं नव्हतं, तरी पाणी आत येत होतं, कारण पाखं सरकून कौलांचे खोबणीतले जोड सुटले होते. दुरुस्तीत आधी छताचा भार टेकूंवर घेतला, मग नवी तुळई घातली, आणि शेवटी कौलं परत बसवली. नुसती कौलं बसवून काम भागलं नसतं.

हे पाहिल्यावर मला तुमच्या म्हणीचा क्रम अगदी चोख वाटू लागला. वासे आपणहून फिरत नाहीत. ते आढ्यावर, भालावर, भिंतीवर रेललेले असतात. आधी घर फिरतं, मग वासे. ‘आढ्याचं पाणी वळचणीला’ हीसुद्धा छपराचीच म्हण, पण तिच्यात फक्त पाण्याचा हिशोब आहे. पाणी सगळं वळचणीकडे जातं, भार मात्र वाशातून वरही जातो, मधेही थांबतो आणि खालीही उतरतो.