कीर्तनातला ‘आपण’ नेमका कोण?

प्रश्न: धर्म आणि संप्रेषण या विषयावर पेपर लिहितेय. प्रवचनांचं डिस्कोर्स अॅनालिसिस करायचं आहे. वक्ता श्रोत्यांना कसं संबोधतो आणि कसं पटवतो, हे प्रत्यक्षात कसं तपासायचं? युट्यूबवरची दहा-बारा प्रवचनं उतरवली तर चालेल का?

दहा-बारा नको, एक पुरे. तेही पूर्ण नको. दोन तासांतली दहा-बारा मिनिटं नीट उतरवा. एका तासाचं ध्वनिमुद्रण विराम, आवाजाची ओढ, हशा यांच्यासकट उतरवायला मला दहा तासांच्या वर लागायचे.

मी वारकरी कीर्तनावर काम केलं, म्हणून त्यातलंच सांगतो. ‘वक्ता लोकांशी जवळीक साधतो’ असं मोघम वाक्य लिहून मोकळं होण्यापेक्षा एकच धागा धरा: सर्वनामं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे आहेत. ‘आम्ही’त ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. ‘आम्ही जातो आपुल्या गावा’ म्हणणारा तुकोबा ऐकणाऱ्याला मागे ठेवून निघालेला आहे. तिथे ‘आपण जातो’ म्हणून पाहा, निरोपाची सहल होईल.

घोळ असा की ‘आपण’ आदरार्थी ‘तुम्ही’सुद्धा असतो. एरवी क्रियापद सोडवणूक करतं: ‘आपण जातो’ म्हणजे सगळे, ‘आपण जाता’ म्हणजे समोरचे. पण ‘आपण नाम घेतलं पाहिजे’ यात क्रियापद नामाप्रमाणे चालतं, कर्त्याचा पत्ता लागत नाही. बोलणारा स्वतःला धरतोय की लोकांना सांगतोय? दोन्ही वाचनं शक्य आहेत, आणि उपदेशाला हे फार सोयीचं पडतं. ‘तुम्ही नाम घ्या’ म्हटलं की हुकूम झाला, ‘आपण घेतलं पाहिजे’ म्हटलं की सगळे एका पंगतीत बसले. अशी वाक्यं उतरवताना लगेच खूण लावू नका. पुढच्या-मागच्या दोन वाक्यांत क्रियापद कुठे झुकतं ते बघा. तरी कळलं नाही, तर ‘संदिग्ध’ असा वेगळा रकाना ठेवा. मी आधी सगळे ‘आपण’ एकत्र मोजले होते. गाइडनी तक्ता परत पाठवला, ते बरंच झालं.

आता एक तुकडा. नगर जिल्ह्यातल्या एका सप्ताहातलं रात्रीचं कीर्तन, निरूपणाला ‘मन करा रे प्रसन्न, सर्व सिद्धीचे कारण’ हा अभंग. मी घेतलेला भाग साधारण चार मिनिटांचा. सुरुवात ‘आपण’ने झाली: आपण एकादशी धरतो, माळ घालतो, वारीला जातो. इथे क्रियापद स्पष्ट आहे आणि गोष्टी सगळ्या चांगल्या आहेत, त्यामुळे स्वतःला त्यात धरायला कुणाचीच हरकत नाही. मग दृष्टांत. ‘एक जण होता’ म्हणून एक माळकरी आला. एकादशी कडक, पण दरवर्षी नांगरटीला भावाचा बांध कोरायचा. सर्वनाम झालं ‘तो’. पंचक्रोशीत बांधावरून भांडण नसलेलं घर सापडणं कठीण, पण गोष्ट कुणा तिसऱ्याचीच होती. मग कीर्तनकार अचानक त्या माणसाकडे वळले: ‘अरे, भावाचा बांध कोरतोस आणि पांडुरंगाला तुळस वाहतोस?’ हा ‘तू’ दृष्टांतातल्या माणसाला उद्देशून होता, नजर मात्र मंडपावर फिरत होती. हशा नेमका इथे पिकला. ‘तो’च्या वेळी लोक शांत होते.

हशा ओसरायच्या आत कीर्तनकारांनी प्रमाण धरलं, म्हणजे अभंगाचा चरण गायला. टाळकऱ्यांनी तो उचलला, मृदंग वाजला, लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. गाणं थांबल्यावर पहिलं वाक्य आलं: ‘आपण मन प्रसन्न केलं पाहिजे, बरं का.’ पुन्हा तोच संदिग्ध ‘आपण’. दोष ‘तो’च्या खांद्यावरून ‘तू’पर्यंत आला आणि शेवटी ‘आपण’मध्ये विरघळला. मंडपात कुणाला ‘तुम्ही बांध कोरता’ असं एकदाही म्हटलं गेलं नाही.

प्रमाणाचं काय होतं हे समजायला समाजशास्त्रज्ञ एर्व्हिंग गॉफमन यांची मांडणी उपयोगी पडते. ‘फुटिंग’ हा त्यांचा लेख 1979 चा. बोलणारा म्हणजे एकच माणूस, ही समजूत ते मोडतात. शब्द उच्चारणारा एक, ते रचणारा दुसरा आणि त्या म्हणण्याची जबाबदारी घेणारा तिसरा असू शकतो. ‘करा रे’ हा सरळ आज्ञार्थ आहे, पण तो रचला तुकोबांनी. कीर्तनकार तो उच्चारतो, टाळकरी पुन्हा उच्चारतात, टाळ्यांच्या ठेक्यात श्रोतेही उच्चारतात. म्हणजे ज्याला आज्ञा द्यायची तोच ती गाऊ लागतो. कीर्तनकाराला स्वतःच्या तोंडाने हुकूम सोडावा लागत नाही, आणि श्रोत्याला ‘नाही’ म्हणायला जागा उरत नाही, कारण शब्द एव्हाना त्याच्याच तोंडी असतात. पटवण्याचं खरं यंत्र मला इथे दिसलं. अॅरिस्टॉटलच्या इथॉस, पेथॉस, लोगॉसवर एक परिच्छेद परीक्षकांसाठी लिहा हवं तर, पण ही चढलेली चाल त्यात सापडत नाही.

म्हणून तक्ता करताना पाच रकाने करा: वेळ, शब्द, सर्वनाम आणि त्याचं क्रियापद, शब्द कुणाचे, आणि साथ-प्रतिसाद. तुकडे कुठे पाडायचे हे कीर्तनकारच सांगतो. विषयांतर संपलं की बहुतेक वेळा ‘असो’ येतं, आणि मोठा टप्पा संपला की ‘विठ्ठल विठ्ठल’चा गजर.

आता युट्यूबचं. तिथल्या कित्येक व्हिडिओंमध्ये गजर आणि चाली कापलेल्या असतात, कारण ऐकणाऱ्याला ‘मुद्दा’ हवा असतो. मग प्रमाण नुसतं उद्धरण वाटतं आणि वरचं सगळं हातातून निसटतं. कापलेलं ओळखायचं तर मृदंगाकडे कान द्या. ठेका मधूनच तुटून बोलणं सुरू झालं, की तिथे कात्री लागलीय. दुसरी अडचण कॅमेऱ्याची. तो कीर्तनकारावर रोखलेला असतो आणि मागे टाळकऱ्यांची रांग दिसते. त्यांच्या डोलणाऱ्या माना म्हणजे श्रोत्यांचा प्रतिसाद, असं समजून मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं! टाळकरी साथीला उभे असतात, डोलणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. जमलं तर सप्ताह कमिटीची आणि महाराजांची परवानगी काढून स्वतः जा, एक रेकॉर्डर व्यासपीठाजवळ आणि दुसरा बायकांच्या बाजूला, मागे ठेवा. माझ्या मुद्रणात बांधाच्या हशानंतर मागून एका आजींचा आवाज आलाय, ‘आमच्या थोरल्याला न्यायला पाहिजे होतं इथं.’ व्यासपीठाजवळच्या रेकॉर्डरवर तो नाही.

या वाक्यावरून आजींना उपदेश पटला असं मात्र लिहू नका. त्यांनी तो थोरल्याला लागू केला, स्वतःला नाही, एवढंच त्यातून दिसतं. बांध कोरणं थांबलं का, हे उतरवलेल्या मजकुरातून कधीच कळणार नाही. त्यासाठी दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बोलावं लागतं, आणि ते वेगळं काम आहे. पेपरच्या शीर्षकात ‘परिणाम’ हा शब्द असेल तर आत्ताच काढा.