सराफ्यातला वाढदिवस आणि फोटोखालच्या दोन ओळी

‘ताई, नोकरीसाठी नुकतीच साताऱ्याहून इंदूरला आलेय. डिसेंबरात, येत्या मंगळवारी, माझा पंचविसावा वाढदिवस. इथे ओळखीचं कुणी नाही आणि खरं सांगते, मला त्याचं काही वाटतही नाहीये. ऑफिस सुटलं की सराफ्यात जाऊन पोटभर खायचं ठरवलंय. फोटोखाली टाकायला मी लिहून ठेवलंय : “नवं शहर, एकटीचा वाढदिवस, पण तरीही खूप खूश!” मैत्रीण म्हणते, वाचून रडूच आलं. मग लिहू तरी काय?
— विजयनगरची नवी भाडेकरू’

अगं, मैत्रिणीचं बरोबर आहे. सगळा घोटाळा त्या ‘पण तरीही’ने केलाय. ते वाचलं की वाटतं, हिने आधी डोळे पुसले आणि मग फोन हातात घेतला. खूश असलेला माणूस ‘मी खूश आहे’ असं कशाला सांगेल? तो काय खाल्लं ते सांगतो. ‘एकटीचा’ही काढून टाक. फोटोत तू एकटी आहेस हे दिसतंच आहे, खाली पुन्हा लिहिलंस की ती तक्रार होते. ‘स्वतःसोबतची डेट’, ‘मीच माझी बेस्ट फ्रेंड’ असल्या ओळींनीही तेच होतं, शिवाय त्या प्रत्येकीच्या फोटोखाली असतात. आणि शेवटी तीन टिंबं तर मुळीच नकोत. ती वाचताना उसासा ऐकू येतो.

मग राहिलं काय? सराफा राहिला की! तिथे दिवसा सोन्याचांदीची दुकानं, आणि ती मिटली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात. म्हणून ऑफिसातून थेट सातला जाऊ नकोस, नुसती बंद होत आलेली शटरं बघत बसशील. नऊनंतर जा. तुझा वाढदिवस थंडीतला, म्हणजे गराडू मिळणारच. सुरणासारखा कंद असतो तो; तुकडे तळून वर मसाला भुरभुरतात आणि लिंबू पिळतात. बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आणि मसाला असा की पहिल्या घासाला ठसका लागतो. त्यावर गरम जिलबी. भूक उरलीच तर भुट्ट्याचा कीस.

तिथे बहुतेक जण उभ्याउभ्याच खातात, हे तुझ्या फायद्याचं. कॅफेत बसून सेल्फी काढलास की समोरची रिकामी खुर्ची फोटोत येते आणि मग खाली काहीही लिही, सगळे त्या खुर्चीकडेच बघणार. सराफ्यात हातातला द्रोण पुढे धरून फोटो काढ, मागे कढई आणि गर्दी येऊ दे.

आता ओळ. इन्स्टावर पहिल्या एकदोन ओळीच दिसतात, बाकीचं दडतं, तेव्हा मुद्दा सुरुवातीलाच हवा. वय, जागा आणि त्या रात्री खरंच घडलेली एक बारीक गोष्ट, एवढं पुरे. मी अशी लिहीन :

‘पंचवीस पूर्ण. सराफ्यात गराडूचा ठसका लागलाय, जिलबी आणायला चाललेय.’

यात ‘चाललेय’ मुद्दाम आहे. बाईला अजून काम आहे, तिला शुभेच्छांची वाट बघायला वेळ नाही. मात्र ओळ घरून लिहून नेऊ नकोस. ठसका लागलाच नाही आणि लिंबू डोळ्यात उडालं, तर लिंबाचं लिही. ‘पंचवीस पूर्ण. गराडूवर पिळायचं लिंबू डोळ्यात, मसाला ओढणीवर. एक प्लेट अजून सांगितलीय.’ बघ, इथे आपोआप हसू येतं, हसणारी इमोजी जोडायची गरज नाही. ‘सोलो बर्थडे’चा हॅशटॅग लावलास तर मात्र केलेलं सगळं पाण्यात.

रात्री बाराच्या ठोक्याला टाकू नकोस. त्या वेळेचा फोटो कुणीतरी विश करेल म्हणून जागी राहिल्यासारखा दिसतो. खाऊन झालं की टाक, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरताना.

इतकं करूनही एखादी मावशी ‘अगंबाई, एकटीच?’ असं लिहिणारच. तिला ‘नाही गं, मजेत आहे’ म्हणून समजूत घालत बसू नकोस, त्याने ती आणखी हळहळेल. ‘मावशी, गराडू खाल्लेत का कधी? या, खायला घालते’ एवढंच लिही. ती लगेच सुरणाच्या कापांवर घसरेल.

आणि फोटो टाकण्याआधी आईला फोन कर, शक्यतो सराफ्यातूनच, मागचा गलका ऐकू येईल असा. तिला ही बातमी शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून कळली, तर तुझी ओळ कितीही झकास असली तरी पुढचा अर्धा तास ‘जेवलीस का नीट’ यातच जाईल.