गुगलच्या यादीत मुंबईचा फोन आणि अनोळखी विंडोज दिसतंय, खातं हॅक झालंय का?

प्रश्न: मी कोल्हापुरात राहतो. गुगलच्या 'Your devices' मध्ये मुंबईचा एक फोन दिसतोय आणि एक विंडोज कॉम्प्युटर. माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही. मागे एकदा 'New sign-in' असा मेल आला होता, तो मी नीट वाचला नाही. मुलीच्या ॲडमिशनचा फॉर्म तेवढा राजारामपुरीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानातून भरला होता. हॅक झालंय का?

उत्तर:

फोनच्या ओळीतलं 'मुंबई' सोडून द्या, बहुतेक तो तुमचाच फोन आहे. विंडोजची ओळ मात्र आजच्या आज मिटवायला हवी.

आधी मुंबईचं बघू. त्या पानावर गावाचं नाव येतं ते फोनच्या जीपीएसवरून येत नाही, तुमचं इंटरनेट ज्या आयपी पत्त्यावरून बाहेर पडतं त्यावरून काढलेला तो अंदाज असतो. मोबाईल डेटावर हजारो गिऱ्हाईकं कंपनीच्या एकाच मोठ्या दारातून बाहेर पडतात आणि ते दार बऱ्याचदा मुंबईत, पुण्यात किंवा थेट दुसऱ्या राज्यात असतं. त्यामुळे रंकाळ्यावर बसून मेल बघितला तरी नोंद मुंबईची पडू शकते. पडताळून पाहायचं असेल तर घरचं वायफाय बंद करा, मोबाईल डेटावर जीमेल उघडा आणि थोड्या वेळाने यादी पुन्हा बघा. मग वायफायवर तेच करा. गाव बदललं, तर ते नाव किती भरवशाचं आहे हे तुम्हालाच दिसेल.

म्हणून गावाआधी उपकरण बघायचं. फोनच्या ओळीवर दाबलं की तपशील उघडतो. तिथे कधी कधी ओळखीच्या नावाऐवजी मॉडेलचा नंबर असतो, सॅमसंगचा असेल तर 'SM-' ने सुरू होणारा. लोक इथेच दचकतात. आपल्या फोनच्या सेटिंगमध्ये 'About phone' उघडून तो नंबर जुळतो का ते बघा. जुळला तर तो फोन तुमचाच. विकलेला किंवा घरात कुणाला दिलेला जुना फोनही यादीत राहिलेला असू शकतो, त्याला तिथूनच बाहेर काढा.

वेळेचंही तसंच. रात्री तीनची नोंद बघून झोप उडवून घेऊ नका. फोन आपला आपण मेल आणि फोटो जुळवून घेत असतो, त्याचीही नोंद पडते. 'शेवटची हालचाल' म्हणजे कुणीतरी बसून तुमचे मेल वाचले असं नव्हे.

आता विंडोज. तुमच्याकडे कॉम्प्युटर नाही आणि फॉर्म दुकानात भरलाय, म्हणजे पहिला संशय दुकानावरच, पण तो तारखेनं पक्का करून घ्या. `myaccount.google.com/notifications` हे पान उघडा. तिथे अलीकडच्या सुरक्षेच्या घडामोडी असतात, त्यात 'New sign-in on Windows' ची तारीख-वेळ शोधा. तिथे ती मिळाली नाही तर तो जुना मेल शोधून त्यावरची वेळ बघा. मग दुकानात पैसे दिल्याचा यूपीआय मेसेज किंवा फॉर्मच्या पावतीवरची तारीख काढा. समजा पावती दुपारी 1 वाजून 10 मिनिटांची आहे आणि साइन-इन 12 वाजून 40 मिनिटांचं, तर जुळलं. ओटीपी बघायला जीमेल उघडलं आणि तसंच ठेवून निघून आलात, एवढाच त्याचा अर्थ. साइन-इन दुसऱ्याच दिवशीचं असेल, तर ते दुकानातलं नाही आणि प्रकरण गंभीर आहे.

वेळ जुळली म्हणून सोडून मात्र देऊ नका. दुकानातल्या ब्राउझरवर तुमचं खातं अजून उघडं आहे, पुढचं गिऱ्हाईक त्याच खुर्चीत बसतं. त्याहून वाईट म्हणजे तिथल्या क्रोमने 'पासवर्ड जतन करू का' असं विचारल्यावर कुणी 'हो' दाबलं असेल, किंवा सिंक चालू केलं असेल, तर तुमचे बाकीचे जतन केलेले पासवर्डही त्या कॉम्प्युटरवर उतरलेले असू शकतात. नुसतं बाहेर काढून हे मिटत नाही.

दोन्ही बाबतीत क्रम तोच ठेवा. `myaccount.google.com/device-activity` वर त्या विंडोजच्या ओळीत जाऊन 'Sign out' दाबा. मग स्वतःच्या फोनवरून पासवर्ड बदला, पुन्हा दुकानात जाऊन नव्हे. लगेच रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल तुमचाच आहे ना ते तपासा, कारण तिथे दुसऱ्याचा पत्ता घातलेला असेल तर नवा पासवर्डही तो बदलू शकतो. शेवटी फोनच्या ॲपमध्ये नव्हे, ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट लावून जीमेलच्या सेटिंगमध्ये 'Forwarding and POP/IMAP' आणि 'Filters' बघा. खात्यात घुसलेला माणूस तिथे एक नियम लावून ठेवतो आणि बँकेचे मेल गुपचूप दुसरीकडे जात राहतात. सिंक चालू झाल्याची शंका असेल तर बँकेचे आणि इतर महत्त्वाचे पासवर्डही बदला.

त्याच डेस्कटॉप जीमेलमध्ये इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात 'Details' असतं. ते उघडलं की अलीकडच्या नोंदी आयपी पत्त्यासह दिसतात आणि कशावरून आत आलं तेही: ब्राउझर, मोबाईल, POP3. तुम्ही मेलसाठी वेगळा कुठला प्रोग्रॅम कधी लावलाच नसेल आणि तिथे POP3 किंवा IMAP दिसलं, तर माझ्या मते ते अनोळखी गावापेक्षा जास्त काळजीचं. कुणीतरी तुमची सगळी टपाल आपल्याकडे ओढून घेतंय, असा त्याचा अर्थ होऊ शकतो.

सूचनांचे अर्थही वेगवेगळे आहेत, सगळ्या एका मापानं मोजू नका. 'New sign-in' म्हणजे कुणीतरी आत आलं. साइन-इन अडवल्याची सूचना म्हणजे आत आलं नाही, पण पासवर्ड बहुधा त्याच्या हातात आहे, तेव्हा तो बदला. न मागता आलेला कोड किंवा फोनवर आलेला 'तुम्हीच आहात का' हा प्रश्न म्हणजे कुणीतरी दारात उभं आहे. तिथे 'नाही' दाबा आणि तो कोड फोनवर कुणालाही सांगू नका, समोरचा स्वतःला बँकेचा म्हणो नाहीतर गुगलचा. अशा मेलमधल्या बटणावरही दाबू नका, कारण हुबेहूब तसे खोटे मेल येतात. वरचे दोन पत्ते स्वतः टाइप करून उघडा. घटना खरी असेल तर तिथे दिसायला हवी.

याची एक मर्यादाही आहे. कॉम्प्युटरवर व्हायरस शिरून ब्राउझरची उघडी सेशन चोरीला गेली, तर नवं साइन-इन होतच नाही, म्हणून सूचनाही येईलच असं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर किती पेनड्राइव्ह लागतात ते आपण बघतोच. पुढच्या वेळी तिथे क्रोमची 'Guest' विंडो उघडून घ्या आणि निघताना सगळ्या 'Guest' विंडो बंद करा. त्यानं व्हायरस अडत नाही, पण खातं उघडं राहत नाही आणि पासवर्डही तिथे जतन होत नाही. नुसता ओटीपी बघायचा असेल तर तो आपल्याच फोनवर बघून दुकानदाराला सांगा, जीमेल तिथे उघडायची गरजच नाही.