७८० किलोमीटर, तिघे चालक: शिफ्ट कशा वाटायच्या?

प्रश्न: आम्ही तिघे गाडी चालवणारे आहोत. मी ४२ वर्षांचा, पंधरा वर्षं हायवेवर चालवतोय. वडील ६४, आयुष्यभर गाडी चालवली, पण आता लवकर थकतात. भाचा २३ वर्षांचा, लायसन्स मिळून एक वर्ष झालंय. अंतर ७८० किमी, शेवटचे साधारण ११० किमी घाट. शुक्रवारी ऑफिस आटपून रात्री ९ ला निघायचं आणि प्रत्येकी चार तास चालवायचं असा बेत आहे. ही वाटणी बरोबर आहे का?

उत्तर:

प्रत्येकी चार तास ही वाटणी कागदावर चोख दिसते, पण ती मी बदलेन. आणि रात्री ९ ला निघणं तर पूर्णच सोडून द्या. आधी त्याचंच सांगतो.

शुक्रवारी तुम्ही तिघेही सकाळी साडेसहाच्या आसपास उठलेले असणार. म्हणजे निघतानाच साडेचौदा तास जागे. मध्यरात्रीनंतर कोणीही चाकावर असला तरी तो सतरा-अठरा तास जागा असतो. ऑस्ट्रेलियात १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असं दिसलं होतं की सतरा तास सलग जागलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकी खाली येते. त्यात पहाटे २ ते ६ ही वेळ अशी, की शरीर सगळ्यात जास्त झोप मागतं. तुमच्या बेतात नेमकी तीच वेळ सगळ्यात कमी अनुभवाच्या किंवा सगळ्यात लवकर थकणाऱ्या माणसाच्या वाट्याला येते. आणि घाट येतो तो चाकावर कोणीही असला तरी रात्रभर न झोपलेल्या माणसाच्या हातात. मागच्या सीटवर मान वाकडी करून काढलेली डुलकी म्हणजे रात्रीची झोप नव्हे.

म्हणून शुक्रवारी रात्री १० ला झोपा आणि शनिवारी पहाटे साडेपाचला निघा.

आता वाटणी. मी शिफ्ट नेहमी शेवटाकडून लावतो. रस्त्याचा सगळ्यात अवघड पट्टा कुठला, तो कोण चालवणार, आणि तिथे पोचायच्या आधी त्या माणसाला विश्रांती कधी मिळणार, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे. बाकीचा रस्ता त्याभोवती वाटायचा. बहुतेक घरांत याच्या उलट होतं. सगळ्यात अनुभवी माणूस उत्साहात पहिला बसतो, ‘मी आहे ना’ म्हणत सहा तास चालवतो, आणि घाट येईपर्यंत त्याच्यातलं काही उरलेलं नसतं.

तुमच्याकडे घाट तुम्हीच चालवायचा, हे उघड आहे. म्हणजे दुपारी तुम्हाला झोप मिळाली पाहिजे. तशी मांडणी केली तर दिवस असा दिसतो.

साडेपाच ते साडेसात वडील. त्यांच्या वयाची माणसं पहाटे आपोआप जागी होतात, रस्ता मोकळा असतो, आणि अर्ध्या तासात उजाडतं. तेवढ्या अंधारात ते आपल्या ओळखीच्याच रस्त्यावर असतील. संध्याकाळी मात्र त्यांना बसवू नका. वयाबरोबर डोळ्यांत प्रकाश कमी पोचतो आणि समोरच्या दिव्यांनी दिपलेली नजर सावरायला जास्त वेळ लागतो. त्यांचं कौशल्य पन्नाशीत होतं तेवढंच आज असेलही, पण नजरेचं हे दुखणं कौशल्याने झाकत नाही.

पावणेआठ ते पावणेदहा भाचा. दिवसाचा उजेड, सरळ चौपदरी रस्ता, आणि शेजारी तुम्ही. त्याच्यासाठी मर्यादा आधीच ठरवून द्या: वेग ८० च्या वर नाही, आणि दुपदरी पट्टा लागला तर ट्रकला ओव्हरटेक नाही, मागे राहायचं. पाऊस लागला तर पुढच्या सुरक्षित जागी थांबून चाक तुमच्याकडे द्यायचं. हे घरीच बोलून घ्या. धावत्या गाडीत सांगितलं की ते ओरडल्यासारखं लागतं.

दहा ते साडेबारा तुम्ही. वडील या वेळात मागे झोपतील. त्यानंतर पाऊण तास जेवण.

सव्वा ते पावणेतीन वडील, शेजारी भाचा, तुम्ही मागे. तीन ते साडेचार भाचा, शेजारी वडील, तुम्ही अजून मागेच. पावणेपाच ते सव्वासात तुम्ही, घाटात. म्हणजे वडील साडेतीन तास, भाचा साडेतीन, तुम्ही पाच. प्रत्येक शिफ्टनंतर पंधरा मिनिटं धरली आहेत, ती खाऊ नका. उशीर झाला तर होऊ द्या.

या वेळापत्रकाचा कच्चा दुवा तीन ते साडेचार हा आहे. दुपारी २ ते ४ ला शरीर दुसऱ्यांदा सुस्तावतं. त्या वेळी चाकावर नवशिका, आणि शेजारी नुकतेच चालवून दमलेले वडील. म्हणूनच ही शिफ्ट दीड तासाचीच ठेवली आहे. पावणेतीनला थांबाल तेव्हा वडिलांकडे नीट बघा. त्यांचे डोळे जड वाटले तर त्यांना शेजारी बसवू नका. सगळ्यांनी तिथेच वीस मिनिटं गाडी बंद करून झोपा. कॉफी घ्यायची तर झोपायच्या आधी प्या. तिचा परिणाम व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात, म्हणजे डोळे उघडताना ती कामाला लागलेली असते. खिडकी उघडणं, एसी वाढवणं, गाणी मोठ्याने लावणं याने थोडाच वेळ तरतरी वाटते, झोप जात नाही.

शेजारच्या सीटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण वाटणी करताना तिचा हिशेब कोणीच धरत नाही. भाच्याशेजारी तुम्ही बसता ते दोन तास तुमची विश्रांती नसते. तुम्ही आरसे बघताय, पुढचा ट्रक बघताय, मनात ब्रेक दाबताय. म्हणून पावणेआठपासून साडेबारापर्यंत तुम्ही सलग पावणेपाच तास कामावर आहात असंच मी धरलं, आणि दुपारचे सव्वातीन तास तुम्हाला पूर्ण मोकळे ठेवले. त्या वेळात फोन बघत बसू नका. मागे झोपा, पट्टा लावून. पुढची सीट आडवी करून झोपू नका, कारण त्या स्थितीत धक्का बसला तर अंग पट्ट्याखालून पुढे सरकतं.

शेजारच्या माणसाचं काम चालकाला शिकवण्याचं नाही, त्याच्यावर नजर ठेवण्याचं आहे. वडील भाच्याशेजारी बसले की ‘क्लच सोड’, ‘हॉर्न दे’ सुरू होण्याची शक्यता आहे. त्यांना आधीच सांगा की तुम्ही वेग आणि त्याचे डोळे एवढंच बघा.

काय बघायचं, ते मी एका रात्री शिकलो. आम्ही दोघे मित्र, तो चाकावर, पहाटेचे चार वाजत आले होते. काटा बराच वेळ ९० वर स्थिर होता. मग तो ७८ वर आला, पुन्हा ९२, पुन्हा ८०. रस्ता सपाट होता, पुढे कोणी नव्हतं. मी विचारलं, ‘झोप येतेय का?’ तो म्हणाला, ‘नाही रे, एकदम ठीक आहे.’ दोन मिनिटांत डावी चाकं कडेच्या खडबडीत पट्ट्यावर गेली, सगळी गाडी थरथरली, आणि त्याने झटक्यात स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. थांबल्यावर मी विचारलं, मागचा टोलनाका कधी गेला? त्याला तो आठवतच नव्हता. पैसे त्यानेच दिले होते.

९० च्या वेगाने गाडी सेकंदाला २५ मीटर जाते. चार सेकंद डोळे मिटले तर शंभर मीटर गाडी कोणीच चालवत नसतं. आणि ज्याला अशी डुलकी लागते त्याला बहुतेकदा ती लागल्याचं कळतच नाही. त्यामुळे ‘मी ठीक आहे’ या उत्तरावर विसंबू नका. विनाकारण वर-खाली होणारा वेग, स्टिअरिंगवर बारीक बारीक झटके, समोरच्या गाडीच्या जवळ जाऊन उशिरा लागलेला ब्रेक, आणि बोलता बोलता मध्येच तुटलेलं वाक्य. यातल्या दोन गोष्टी दिसल्या की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं. शेजारच्याने ‘थांब’ म्हटलं की वाद नाही, हा नियम निघायच्या आधी तिघांनी मान्य करा. वडिलांनाही तो लागू आहे, आणि हे त्यांना तुम्हीच सांगायला हवं. भाच्याच्या तोंडून ‘आजोबा, थांबा’ निघणं अवघड असतं. ‘बाबा, त्याने थांबा म्हटलं तर माझ्यासाठी थांबा’ असं सांगून ठेवा, म्हणजे त्याला आधार राहतो.

चालक बदलताना घाई करू नका. हायवेच्या कडेला कधीच बदलू नका, पंपावर किंवा आत वळून थांबा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाच्या हातात लगेच चाक देऊ नका. उठल्यावर पंधरा ते तीस मिनिटं डोकं मंद असतं, आणि झोप खोल असेल तर आणखी थोडं. तुम्ही सव्वाचारला जागे व्हायला हवं, साडेचारला थांबाल तेव्हा उतरून चालायचं, तोंड धुवायचं, आणि पावणेपाचला बसायचं. सीट, तिन्ही आरसे आणि स्टिअरिंगची उंची उभ्या गाडीत लावून घ्या. उतरणाऱ्याने बसणाऱ्याला एवढं सांगावं: डिझेल किती, गाडी कुठे ओढते का, मागून कोणी चिकटून येतंय का.

सर्दीचं किंवा अ‍ॅलर्जीचं औषध कोणी घेत असेल तर त्याने झोप येते का हे आधीच डॉक्टरांना विचारा. वडिलांच्या रोजच्या गोळ्यांबद्दलही तेच.

परतीला हेच वेळापत्रक उलटं लावून चालणार नाही. तेव्हा घाट सुरुवातीला येतो, म्हणून पहिली शिफ्ट तुमची, आणि निघायचं उजाडल्यावर. वडिलांना त्यानंतर सकाळचा मोकळा पट्टा द्या, भाच्याला दुपारच्या आधीचा. शेवटचे दोन तास अंधारात आणि गर्दीत जातील, तेही तुम्हालाच घ्यावे लागतील, म्हणजे दुपारची मागची सीट तेव्हाही तुमचीच. तिकडे नीट झोप झाली नसेल तर एक दिवस उशिरा निघा.