केजी-पहिलीच्या प्रमाणपत्रावर काय लिहावं?

प्रश्न: ठाण्यात सीनियर केजी आणि पहिलीला शिकवते. छोट्या यशाच्या प्रमाणपत्रावर ‘हुशार विद्यार्थी’ऐवजी काय लिहू?

उत्तर: मुलाने नेमकं काय केलं ते लिहा, आणि कुठे अडलं होतं तेही. उदाहरणार्थ:

- ‘कु. ____ हिने ‘ळ’ चार वेळा खोडला आणि पाचव्यांदा दोन्ही गोल जुळवून काढला.’
- ‘चि. ____ याने वजाबाकी चुकल्यावर मणी पुन्हा मोजून उत्तर स्वतःच दुरुस्त केलं.’

नाव बदलूनही मजकूर कुणालाही चालत असेल, तर तो मोघम झालाय. (‘खूप मेहनत घेतली’ यातच मोडतं.) म्हणून त्याच दिवशी वहीत एक ओळ टिपून ठेवा आणि देताना मोठ्याने वाचून दाखवा, कारण या वयात बऱ्याच जणांना ते वाचता येत नाही. ‘हुशार’ टाळायचं कारण असं: मानसशास्त्रज्ञ म्युलर आणि ड्वेक यांच्या 1998 च्या प्रयोगांत बुद्धीचं कौतुक झालेली मुलं अपयशानंतर लवकर खचली, प्रयत्नाचं कौतुक झालेली टिकून राहिली. अर्थात ती मुलं पाचवीतली होती. एक मात्र सांभाळा, प्रमाणपत्र आधी जाहीर करू नका. 1973 च्या एका प्रयोगात बक्षिसाच्या आमिषाने चित्रं काढलेल्या बालवाडीतल्या मुलांचा चित्रांतला रस नंतर कमी झाला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा नाही.