तोच तो विचार वहीत कसा तपासायचा? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मनात पुन्हा पुन्हा येणारा भीतीचा विचार वहीत लिहून तपासण्याची एक पद्धत आहे, तिला आम्ही विचार-नोंद किंवा थॉट रेकॉर्ड म्हणतो. तिच्याबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ सतत दिसतो. पानं भरलेली असतात, पण त्यांत विचार कुठे लिहिलेलाच नसतो. म्हणून या वेळी सगळी उत्तरं याच विषयावर.

प्रश्न : यासाठी खास ‘अँक्झायटी जर्नल’ मिळतं. छान छापलेलं आहे, पण महाग आहे. घ्यावं का?

नको. शाळेची शंभर पानी वही पुरते. ‘एकवीस दिवसांत चिंतामुक्ती’ असं ज्याच्या मुखपृष्ठावर छापलंय ते तर अजिबात घेऊ नका, असं वचन कुठलीही वही देऊ शकत नाही.

प्रश्न : रोज पहाटे लिहायचं की रात्री झोपताना?

रोज लिहायची गरज नाही. भीती उसळली त्या दिवशी, ती जरा ओसरल्यावर लिहा. ऐन घाबरलेल्या क्षणी फक्त वेळ आणि मनात आलेलं एक वाक्य टिपून ठेवा, बाकीचं नंतर. अंथरुणात बसून मात्र लिहू नका.

प्रश्न : मुलगा पुण्यात नोकरीला आहे, दुचाकीने जा-ये करतो. रात्री साडेनऊनंतर त्याने फोन उचलला नाही की अपघातच झाला असणार असं वाटतं. महिनाभर लिहितेय, पण भीती कमी होत नाही. एक पान सोबत पाठवतेय : ‘आज फार टेन्शन आलं. त्याला काही झालं तर? देवा, सांभाळ रे. सगळं चांगलंच होईल.’ माझं काय चुकतंय?

तुमच्या पानावर चार वाक्यं आहेत. पहिलं भावना सांगतं, दुसरा प्रश्न आहे, तिसरी प्रार्थना आणि चौथा दिलासा. तपासता येईल असा विचार त्यांत एकही नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक वह्यांत हेच असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी प्रसंग लिहा. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही दिसलं असतं तेवढंच : ‘मंगळवार, रात्री ९.४०. ओटा आवरत होते. फोन दोनदा लावला, त्याने उचलला नाही.’ ‘नेहमीसारखं टेन्शन आलं’ हा प्रसंग नव्हे. मग भावनेचं नाव आणि शंभरपैकी तिची तीव्रता : ‘भीती, ९०.’ आकडा अंदाजानेच द्यायचा. तो नंतर उपयोगी पडतो.

आता विचार. ‘काही झालं तर?’ या प्रश्नाला पुरावा देताही येत नाही आणि खोडताही येत नाही, त्यामुळे तो रात्रभर घोळत राहतो. म्हणून स्वतःला विचारा, ‘काही म्हणजे नक्की काय?’ उत्तर पूर्णविरामाने संपेपर्यंत विचारत राहा. तुमच्या बाबतीत ते असं काहीसं निघेल : ‘त्याने फोन उचलला नाही, म्हणजे त्याचा अपघात झाला आहे.’ हे लिहिताना हात थरथरेल, तरी लिहा. त्या क्षणी हे किती खरं वाटलं तेही मांडा, समजा ८५. कधी एका प्रश्नातून दोन-तीन वाक्यं निघतात, जसं ‘मी लक्ष ठेवलं नाही तर दोष माझाच.’ अशा वेळी जे वाचताना सगळ्यात जास्त धस्स होतं ते एकच घ्या. सगळी एकदम तपासायला गेलात तर एकही धड तपासलं जात नाही.

पुढे त्या वाक्याच्या बाजूचा पुरावा. हा भाग लोक टाळतात आणि नोंद तिथेच फसते. मनातली भीती म्हणते, ‘माझं तर ऐकलंच नाहीस,’ आणि पुन्हा येते. म्हणून प्रामाणिकपणे लिहा : तो दुचाकी चालवतो, रात्री त्या रस्त्यावर अवजड गाड्या असतात, एरवी या वेळेपर्यंत त्याचा फोन येतो. पण ‘पोटात गोळा आला’ किंवा ‘आईच्या मनाला कळतं’ हे इथे लिहू नका. पोटात गोळा येतो तो भीतीमुळे. रस्त्यावर काय घडलं हे तो सांगत नाही.

मग विरुद्ध बाजूचा पुरावा, तोही घडलेल्या गोष्टींचाच. मोबाइलमधली कॉलची यादी उघडा. मागच्या महिन्यात किती वेळा असा फोन उचलला गेला नाही आणि प्रत्येक वेळी नंतर काय कळलं, हे तारखेनिशी लिहा. तो मीटिंगमध्ये होता, फोन चार्जिंगला होता, गाडीवर होता, जे असेल ते. गाडी चालवताना फोन घेऊ नकोस असं तुम्हीच त्याला बजावलं असेल, तर तेही इथेच येतं : तुमचं ऐकणारा मुलगा त्या वेळी फोन उचलणारच नाही. ‘देव पाठीशी आहे’ ही तुमची श्रद्धा आहे. ती जपा, पण या रकान्यात लिहू नका, कारण इथे फक्त पडताळून पाहता येईल तेवढंच ठेवायचं.

शेवटी दोन्ही बाजू धरून एक नवं विधान. ‘सगळं चांगलंच होईल’ हे चालणार नाही. तशी खात्री जगात कोणी देऊ शकत नाही आणि तुमच्या मनाला ते पक्कं ठाऊक आहे, म्हणून ते त्यावर विश्वास ठेवत नाही. असं लिहून पाहा : ‘दुचाकीच्या प्रवासात धोका आहे हे खरं. पण फोन न उचलण्याचं कारण आजवर दर वेळी वेगळंच निघालं. साडेदहापर्यंत थांबते, मग एक मेसेज करते.’ (तुमच्या यादीत ‘दर वेळी’ खरं नसेल, तर ‘बहुतेक वेळा’ लिहा. इथे एकही शब्द वाढवून चालत नाही.) आता मूळ वाक्य पुन्हा वाचा आणि आकडे पुन्हा द्या. विश्वास ८५ वरून ४५, भीती ९० वरून ६० आली तर नोंद जमली. शून्य गाठायचं नाहीये. आकडा हललाच नाही, तर विरुद्ध बाजूला पुराव्याऐवजी दिलासा भरला गेलाय किंवा खरं भीतीचं वाक्य अजून लिहिलंच गेलं नाहीये. ‘दोष माझाच’ हे वाक्य तेव्हा स्वतंत्र पानावर तपासा.

आणखी एक, तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत तरी विचारतो : दोनदा फोन लावून तुम्ही थांबता का? बहुतेक आया थांबत नाहीत. दहाव्या फोनला तो ‘आई, पोहोचलोय गं’ म्हणतो, जिवात जीव येतो आणि मन हेच शिकतं की फोन करत राहिलो म्हणून निभावलं. दुसऱ्या दिवशी थांबणं आणखी अवघड होतं. मुलाशी बोलून ठरवा : घरी पोहोचल्यावर त्याने एक मेसेज टाकायचा, साडेदहापर्यंत तुम्ही फोन करायचा नाही. त्या तासाभरात ‘मला काय वाटतंय’ ते आधी लिहा आणि ‘प्रत्यक्षात काय झालं’ ते नंतर. दोन आठवड्यांची अशी पानं मागच्या महिनाभराच्या लिखाणापेक्षा जास्त कामाची ठरतील. ती पानं घेऊन एकदा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांना भेटा. झोप उडाली असेल तर दोन आठवडेही थांबू नका. आणि घरात पूर्वी खरोखर अपघात झाला असेल, तर हे एकटीने करूच नका. ती जखम वेगळी असते, तिच्यावर सोबत बसून काम करावं लागतं.

प्रश्न : वाईट विचार लिहिला की तो खरा होतो, ब्रह्मांडाला तसाच संदेश जातो, असं एका व्हिडिओत ऐकलं. लिहिणं सोडून द्यावं का?

व्हिडिओ सोडा. तो विचार तुमच्या मनात आधीच शंभरदा येऊन गेलाय, तरी खरा झाला नाही. कागदावर आल्याने त्याला ताकद कुठून येणार? मनात आपोआप उमटणारी वाक्यं पकडून तपासण्याची पद्धत १९६० च्या दशकात फिलाडेल्फियात डॉ. ॲरन बेक यांनी रुग्णांबरोबर काम करताना घडवली आणि आजही सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याचा मानसोपचार, करणारे बहुतेक तज्ज्ञ ती वापरतात. असल्या ऐकीव गोष्टींमुळे माणसं वर्षानुवर्षं उपचार लांबवतात, याचा मला फार त्रास होतो.

प्रश्न : गॅस चालू राहिला असं वाटून रात्री आठ-दहा वेळा उठतो. नोंद लिहिली की बरं वाटतं, पण अर्ध्या तासाने पुन्हा लिहावी लागते. लिहायचं प्रमाण वाढवू का?

आजच थांबवा. गॅसचं बटण तपासावं तसं तुम्ही आता वही तपासताय. हा ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तीच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार, असू शकतो आणि त्यात पुरावे मांडत बसल्याने शंका उलट पोसली जाते. त्याचा उपचार वेगळा आहे : शंका आली तरी न तपासता राहण्याचा सराव, टप्प्याटप्प्याने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. या आठवड्यातच मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घ्या.

प्रश्न : छातीत धडधडतं. ‘ही फक्त चिंता आहे’ असं वहीत लिहिलं तर चालेल?

आधी डॉक्टरांना दाखवा, ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी लागेल का ते विचारा. वही त्यानंतर. आणि छातीत दुखलं किंवा दम लागला, तर सरळ रुग्णालयात जा.

प्रश्न : नोंदी जमायला लागल्या आहेत. गोळ्या बंद करू?

स्वतःहून नाही. ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारून, ते सांगतील तशाच हळूहळू.

प्रश्न : ‘माझी नोकरी जाणार’ हा विचार दोन वर्षं छळतोय. नोंद केली, तर पुरावा त्याच्याच बाजूने निघाला, कारण कंपनीत खरंच कपात सुरू आहे. मग या पद्धतीचा काय उपयोग?

उपयोग झाला की. यात विचाराची चूक नाही, समोर खरी अडचण आहे हे कळलं. अशा वेळी विरुद्ध पुरावा ओढूनताणून आणायचा नाही. पुढचं पान उघडून कामं लिहायची : हाताशी किती महिन्यांचा खर्च आहे, कोणता हप्ता पुढे ढकलता येतो, बायोडेटा कोणाकडे पाठवायचा, पहिला फोन कोणत्या दिवशी करायचा.

पण दोन वर्षं एवढ्यावरच छळ होत असेल असं मला वाटत नाही. ‘नोकरी गेली, तर त्याचा माझ्यासाठी अर्थ काय?’ असं विचारून खाली उतरा. अनेकांच्या वहीत तिथे निघतं : ‘नोकरी गेली की घरात माझी किंमत उरणार नाही.’ तपासायचं ते हे वाक्य. पूर्वी कधी आजारपणात किंवा कामाविना घरी बसला होतात का? तेव्हा घरचे नक्की काय म्हणाले, कसे वागले? आठवेल तसं नाही, घडलं तसं लिहा. बायकोला थेट विचारलंत, तर तिचं उत्तर तिच्याच शब्दांत लिहा.

तरी दोन वर्षं हा फार मोठा काळ आहे. इतके दिवस अंगावर काढायला नको होतं, आता समुपदेशकाकडे जाणं पुढे ढकलू नका. आणि त्या वाक्याखाली ‘मग जगून काय करायचं’ असं काही निघालं, तर त्याचे पुरावे वहीत मांडत बसू नका. त्याच दिवशी घरातल्या एकाला सांगा आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं.