गाडीत नकाशा मुका का होतो: ब्लूटूथच्या दोन वाटा

प्रश्न: "गूगल मॅप्स घरी नीट बोलतो, पण गाडीत बसलो की फक्त रस्ता दाखवतो, आवाज नाही. फोन अँड्रॉइड आहे, स्टिरिओला ब्लूटूथने जोडलेला. कॉल आले तर गाडीच्या स्पीकरवर ऐकू येतात. एरवी एफएम चालू असतो."

घरी आवाज येतो, म्हणजे ॲप आणि त्यातली भाषा दोन्ही ठीक आहेत. तरीही प्रवास सुरू असताना नकाशावर दिसणारे स्पीकरचे चिन्ह एकदा पाहून घ्या. त्यात तीन पर्याय असतात आणि मधला, फक्त इशारे देणारा, चुकून निवडला गेला असेल तर वळणे सांगितली जात नाहीत.

माझ्या मते खरे कारण तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. ब्लूटूथवर फोन आणि स्टिरिओ यांच्यात दोन स्वतंत्र वाटा असतात, एक कॉलची आणि दुसरी गाण्यांची. कॉल आला की स्टिरिओ एफएम आपणहून थांबवतो. नकाशाची सूचना मात्र सहसा गाण्यांच्या वाटेने जाते, आणि स्टिरिओ एफएमवर असेल तर ती त्याच्यापर्यंत पोहोचूनही वाजत नाही. फोनच्या दृष्टीने आवाज दिलेला असतो, त्यामुळे पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही.

माझ्या मेव्हण्यांच्या गाडीत नेमके हेच झाले होते. कराडच्या अलीकडे गाडी बाजूला उभी करून आम्ही नकाशाच्या नेव्हिगेशन सेटिंगमधील Play test sound दाबले, तर एफएमवरची गाणी तशीच चालू राहिली. स्टिरिओचा सोर्स ब्लूटूथ ऑडिओवर नेऊन पुन्हा दाबले, तेव्हा आवाज स्पष्ट आला. तुम्हीही हीच चाचणी करा, पण गाडी थांबवूनच.

सोर्स बदलूनही शांतता असेल, तर फोनच्या ब्लूटूथ यादीत स्टिरिओच्या नावापुढील सेटिंग उघडून मीडिया ऑडिओ चालू आहे का ते बघा. तो बंद आणि कॉलचा पर्याय तेवढा चालू असेल, तर आवाज फोनच्याच स्पीकरवर येतो आणि एफएमच्या गलक्यात बुडतो. त्यानंतर चाचणीचा आवाज वाजत असतानाच आवाजाचे बटण दाबा, कारण अँड्रॉइड ब्लूटूथसाठी मीडियाचा आवाज फोनच्या स्पीकरपेक्षा वेगळा लक्षात ठेवतो. घरी भरपूर असलेला आवाज गाडीत शून्यावर असू शकतो.

एफएम सोडायचाच नसेल, तर नकाशाच्या त्याच नेव्हिगेशन सेटिंगमधील Play voice over Bluetooth बंद करा. मग सूचना फोनच्या स्पीकरमधून येतील, मात्र फोन डॅशबोर्डवर जवळ लावलेला हवा. काही आवृत्त्यांत सूचना कॉलच्या वाटेने पाठवण्याचाही पर्याय असतो, आणि त्याने एफएम थांबून सूचना ऐकू येते. पण जोडणी व्हायला क्षणभर लागल्यामुळे पहिला शब्द गिळला जातो, आणि "डावीकडे वळा" मधला नेमका "डावीकडे"च हरवतो. म्हणून मी स्वतः फोनचा स्पीकर पसंत करतो.